मेळाव्यात चेहरे ओळखू येत नाहीत तेव्हा: आधी कुणाकडं जायचं आणि काय म्हणायचं

कोल्हापुरातल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात दारातच एक वाक्य हमखास कानावर येतं: "ओळखलंस काय?" विचारणारा प्रेमानंच विचारत असतो. ज्याला विचारलं त्याच्या पोटात मात्र गोळा येतो. समोर पंचेचाळिशीचा, भरलेल्या अंगाचा, चष्मा लावलेला माणूस हात पसरून उभा आहे, आणि त्याचं नाव काही केल्या आठवत नाही. अशा दोन-तीन भेटी लागोपाठ झाल्या की माणूस बिथरतो. मग तो ओळखीच्या एका मित्राजवळ जाऊन बसतो आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलत नाही.

हा लेख पहिल्यांदाच मोठ्या मेळाव्याला निघालेल्यांसाठी आहे. सगळ्या मेळाव्याबद्दल इथं लिहिलेलं नाही, फक्त पहिल्या दीड तासाबद्दल लिहिलं आहे, कारण पुढचा दिवस कसा जाणार हे त्या वेळातच ठरतं. समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. दहावीची १९९८ ची बॅच, अ ते ड अशा चार तुकड्या, येणार म्हणून कळवलेले दीडशेजण. रविवारी सकाळी दहा ते चार, कोल्हापुरातलं एक मंगल कार्यालय. तुम्ही ब तुकडीतले, आता पुण्यात राहता. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर आहात, पण फारसे बोललेला नाहीत.

चेहरा मनात असतो, पण तो जुना असतो

आधी एक भीती काढून टाका. तुमची स्मरणशक्ती बिघडलेली नाही. हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अमेरिकेत ३९२ जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सोडून जवळपास पस्तीस वर्षं झालेल्या माणसांनीही आपल्या वर्गातल्या मुलामुलींचे जुने फोटो अनोळखी फोटोंमधून दहापैकी नऊ वेळा बरोबर वेगळे काढले. फोटो समोर नसताना नुसती नावं आठवायला सांगितली, तेव्हा मात्र त्याच माणसांची बरीच अडचण झाली.

यातला "जुने फोटो" हा शब्द महत्त्वाचा आहे. तुमच्या डोक्यात जो चेहरा पक्का बसलाय तो सोळा वर्षांचा आहे: दोन वेण्या, लाल रिबिनी, किंवा मिसरूड न फुटलेला ओठ आणि तेल लावून चोपलेले केस. कार्यालयात समोर येणारा चेहरा त्यावरचा पुढचा थर आहे. अडचण या दोन चेहऱ्यांची सांगड घालण्यात असते, आणि ती सांगड घरी बसून आधी घालता येते.

चेहऱ्यातलं काय बदलतं आणि काय टिकतं हेही माहीत असू द्या. अनोळखी माणूस लक्षात ठेवताना आपण मुख्यतः केस आणि चेहऱ्याची बाहेरची ठेवण पाहतो. चांगल्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत डोळे, नाक आणि ओठ यांचा भाग जास्त उपयोगी पडतो. वयाबरोबर सगळ्यात आधी बदलतात ते केस, गाल आणि हनुवटीखालचा भाग. म्हणजे नजर सवयीनं जिथं जाते तिथंच सगळा फरक पडलेला असतो. डोळ्यांची ठेवण, दोन डोळ्यांमधलं अंतर, भुवयांची वळणं, गालावरची खळी, तीळ, कपाळावरची जुनी खूण, हसताना ओठाची एकच बाजू वर जाण्याची लकब, हे बहुतेक तसंच राहतं. चालणंही पुष्कळदा तेच असतं.

आवाजावर तर जरूर भरवसा ठेवा. दहावीपर्यंत बहुतेक मुलांचा आवाज फुटून गेलेला असतो, त्यामुळं तेव्हाचा आवाज आणि आत्ताचा आवाज यात चेहऱ्याइतकं अंतर पडत नाही. चेहरा लागत नसेल तर दोन पावलं अलीकडंच थांबा आणि तो माणूस दुसऱ्याशी बोलताना ऐका. एखादं हसू कानावर पडलं की नाव आपोआप वर येतं, असं पुष्कळांच्या बाबतीत घडतं.

आठ दिवस आधी: एक फोटो, बारा नावं

दहावीचा तुकडीचा फोटो शोधा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, मधे खुर्च्यांवर शिक्षक आणि खाली "बसलेले डावीकडून", "उभे डावीकडून" अशी नावं छापलेला असेल तर सोन्याहून पिवळं. तुमच्याकडं नसेल तर ग्रुपवर मागा, कुणाच्या तरी आईच्या कपाटात तो असतोच. त्याचा मोबाइलवर फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि दिवसा खिडकीजवळ, तिरप्या उजेडात काढा. नाहीतर चकाकीत नेमकी मधली रांग पांढरी होऊन जाते.

मग ग्रुपमधले आत्ताचे डीपी उघडा आणि एकेक जोडी जुळवा. जुना चेहरा मोठा करून त्यातले केस अंगठ्यानं झाका, भुवयांपासून हनुवटीपर्यंतचाच भाग दिसू द्या. आत्ताच्या फोटोचंही तसंच करा. केस झाकले की पंचवीस वर्षांचं अंतर एकदम कमी होतं. ज्यांच्या डीपीवर देव, लेकरू किंवा गुलाबाचं फूल आहे, त्यांच्यासाठी मागच्या छोट्या भेटींचे फोटो ग्रुपमध्ये मागं जाऊन बघा.

दीडशे जोड्या जुळवत बसू नका. किती माणसं नीट भेटणं शक्य आहे याचा हिशेब करा. दहा ते चार म्हणजे सहा तास. त्यातले दोन तास स्वागत, सत्कार आणि मनोगतं यात जातात. जेवणाचा एक तास ज्यांच्या शेजारी बसाल त्यांच्याबरोबर जातो. ग्रुप फोटो आणि पांगापांग यात आणखी अर्धा तास. उरले अडीच तास. एका माणसाशी धड बोलायला, आणि तिथून निघून दुसऱ्यापर्यंत पोचायला मिळून दहा मिनिटं लागतात. म्हणजे फार तर पंधराजण. त्यातले तीन-चार अनपेक्षित भेटणारे धरले, तर आधी ठरवून ठेवायची नावं बारा.

ही बारा नावं वहीत लिहा, आणि प्रत्येक नावापुढं एक गोष्ट लिहा: बाक कुठला, घर कुठल्या पेठेत, सायकल कुठली, कुठल्या तालमीकडून फुटबॉल खेळायचा. हे का लिहायचं? नाव हा आठवायला सगळ्यात अवघड प्रकार आहे. "तो सुतारकाम करतो" हे लक्षात राहतं, पण "त्याचं आडनाव सुतार" हे निसटतं. शब्द एकच आहे. पण काम म्हटलं की रंधा, लाकूड, भुसा असं चित्र उभं राहतं, आणि आडनावाला असं काहीच चिकटलेलं नसतं. ते चिकटवायचं काम तुमचं.

कोल्हापूर भागात आडनावानं तर मुळीच भागत नाही. एका बॅचमध्ये पाटील डझनभर, शिवाय पोवार, चौगुले, कांबळे, जाधव. "पाटील आलाय" या निरोपाला काही अर्थ नसतो, कुठल्या गावचा पाटील हेच खरं नाव. म्हणून वहीत "पाटील, बावड्याचा" असंच लिहा.

याच यादीत एक वेगळा कोपरा ठेवा: बॅचमधलं कोण गेलं, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाच्या घरात दुःखद घडलं. संयोजकांपैकी कुणाला तरी फोन करून हे आधी विचारून घ्या. असं विचारायला संकोच वाटतो, पण भर हॉलमध्ये "तुझा बाकावरचा जोडीदार कुठाय रं?" असं विचारून बसण्यापेक्षा तो संकोच परवडला.

कार्ड उजव्या बाजूला

संयोजक नावाचं कार्ड देणार असतील तर नमुना आधी मागून बघा, आणि तुम्हीच संयोजनात असाल तर एवढं कराच. सगळ्यात मोठ्या अक्षरात शाळेतलं नाव. लग्नानंतर आडनाव बदलतं, काहींचं पाळण्यातलं नावही बदलतं, आणि कार्डावर फक्त सासरचं नाव असेल तर वर्गात पाच वर्षं शेजारी बसलेलीलाही उलगडा होत नाही. माहेरचं नाव वर, आत्ताचं नाव खाली बारीक, कोपऱ्यात तुकडी. अक्षर बोटाच्या पेराएवढं उंच असलं की दोन-तीन पावलांवरून वाचता येतं. त्याहून बारीक असेल तर वाचणाऱ्याला अगदी छातीजवळ डोकं न्यावं लागतं, आणि स्त्री-पुरुषांच्या मेळाव्यात ते अवघड होऊन बसतं.

कार्ड उजव्या बाजूला लावा. साडीचा पदर डाव्या खांद्यावरून जातो, डावीकडं लावलेलं कार्ड त्याखाली गडप होतं आणि पिनेनं रेशीमही ओढलं जातं. गळ्यात अडकवायचं कार्ड असेल तर दोन गोष्टी बिघडतात. ते उलटं फिरतं, आणि नाडी लांब असली तर पोटावर लोंबतं. नाव दोन्ही बाजूंनी लिहा आणि मानेमागं नाडीला एक गाठ मारून ते छातीपर्यंत वर घ्या. कार्ड मिळणारच नसेल तर खिशात मार्कर आणि चिकटकागद घेऊन जा, तुमचं बघून दहाजण मागतील.

पावणेदहाला टेबलाजवळ

पत्रिकेवर दहा लिहिलेलं असतं, गर्दी जमते पावणेअकराला. तुम्ही पावणेदहाला पोचा. पुण्याहून गाडीनं साडेचार तास धरावे लागतात, म्हणून शक्य असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला या. सकाळी निघून घामाघूम अवस्थेत साडेअकराला पोचलात, तर तोवर हॉलमध्ये गोल पडलेले असतात आणि त्यांत शिरणं फार जड जातं.

लवकर पोचण्याचा खरा फायदा नावनोंदणीच्या टेबलाशी आहे. तिथं दोघं-तिघं यादीवर खुणा करत आणि कार्डं शोधत बसलेले असतात. त्यांना म्हणा, "कार्डं मी देऊ काय?" नाही कुणी म्हणत नाही. आता बघा काय होतं. येणारा प्रत्येकजण टेबलासमोर थांबतो, स्वतःच्या तोंडानं आपलं पूर्ण नाव आणि तुकडी सांगतो, आणि तुम्ही त्याच्या चेहऱ्याकडं बघत कार्ड त्याच्या हातात देता. नाव, आवाज आणि आत्ताचा चेहरा तिन्ही एका जागी, आणि ओळखण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. वीस मिनिटांत तीस-चाळीस चेहरे लागतात. याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. बाकी काही जमलं नाही तरी हा करा.

फक्त सव्वादहानंतर तिथून उठा. टेबल हा आडोसाही असतो, आणि लाजाळू माणूस दिवसभर त्याच्यामागंच काढू शकतो.

हॉलमध्ये नजर टाकल्यावर: आधी कुणाकडं

आता सव्वादहा झालेत. दारात उभं राहून तुम्ही आत बघता. पुढच्या सोफ्यावर दोन शिक्षक बसलेत, शेजारी एकजण उभा. खिडकीपाशी सात-आठजणांचा गोल, मोठ्यानं हसणं चाललंय. डावीकडं चौघीजणी एकमेकींचे हात धरून अगदी जवळ उभ्या आहेत. जुन्या फोटोंच्या फलकासमोर एक बाई एकट्याच फोटो बघताहेत. माईकवाल्याशी बोलत संयोजक धावपळ करतोय. आणि पलीकडून तुमचा बाकावरचा जिगरी दोस्त दोन्ही हात वर करून हाक मारतोय.

मन दोस्ताकडं ओढ घेणार, ते साहजिकच आहे. त्याला कडकडून भेटा, पण एका मिनिटात सुटा: "जेवायला शेजारीच बसायचं, जागा धर." त्याच्याशी तुमचं नातं शाबूत आहे, ते दुपारपर्यंत कुठं जात नाही. आत्ता त्याच्याजवळ बसलात तर उठणं होत नाही, हे मेळाव्यात घडणारं सगळ्यात मोठं नुकसान. त्याला मात्र जेवणाची वेळ सांगूनच सुटा. नुसतं "येतो रे" म्हणून गेलात तर त्याला टाळल्यासारखं वाटतं.

तिथून थेट शिक्षकांकडं. मान म्हणून तर जायचंच, पण व्यवहाराचंही कारण आहे. ते सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढचे असतात, सत्कार झाला किंवा दोन घास खाल्ले की घरी जातात, आणि कार्यक्रम सुरू झाला की स्टेजवर असतात. निवांत भेटायला हाच अर्धा तास. समोर या, खुर्चीच्या बाजूनं किंवा मागून बोलू नका, कारण ऐकू कमी येत असेल तर त्यांना ओठ दिसायला हवेत. वाकून नमस्कार करा आणि नाव, साल, तुकडी सावकाश सांगा: "सर, मी अमुक अमुक, अठ्ठ्याण्णवची दहावी ब. तुम्ही आम्हाला भूमितीला होता." "सर, ओळखलंत काय?" असं मात्र विचारू नका. त्यांच्या हाताखालून हजारो मुलं गेली, आणि नाही म्हणताना त्यांना तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. पाया पडल्यावर ते उठू लागले तर खांद्याला हात लावून बसवा. दोन-तीन मिनिटं पुरेत, मागं रांग लागलेली असते.

तिसरा संयोजक. त्याला गप्पांसाठी धरायचं नाही, तो कामात आहे. पण बॅचमधला जोडणारा माणूस तोच, कारण गेले तीन महिने त्यानं सगळ्यांना फोन केलेत. त्याला एकच मागा: "मला क तुकडीतल्या दोघांशी गाठ घालून दे." तो हाताला धरून नेतो, नावं घेऊन ओळख करून देतो, आणि तुमचं काम अर्ध्या मिनिटात होतं. तो फार गडबडीत असेल तर त्या वेळचा वर्गाचा मॉनिटर शोधा. रोज हजेरी घेतलेल्याला नावं अजून क्रमानं पाठ असतात.

मग फलकासमोर एकट्या उभ्या असलेल्या बाईंकडं जा. गोलात शिरण्यापेक्षा एकट्या माणसाजवळ जाणं सोपं, आणि फोटोसमोर उभं राहणं त्याहून सोपं, कारण दोघांना एकमेकांकडं न बघता बोलता येतं. फलकावर बोट ठेवून आधी स्वतःला दाखवा: "हा मी, दुसऱ्या रांगेतला." समोरची व्यक्ती जवळजवळ नेहमीच आपलं बोट उचलून स्वतःला दाखवते. नाव विचारावंच लागलं नाही! जुना चेहरा आणि आत्ताचा चेहरा शेजारी शेजारी दिसतात, अशी जागा अख्ख्या हॉलमध्ये दुसरी नसते. संयोजकांनी फलक दारापासून लांब, चहाच्या टेबलाजवळ लावावा, म्हणजे कप हातात घेऊन लोक तिथं रेंगाळतात.

राहिले दोन घोळके. माणसांचे पाय बघा. चौघीजणी एकमेकींकडं पूर्ण वळून, पावलं समोरासमोर ठेवून उभ्या आहेत, म्हणजे काहीतरी जिव्हाळ्याचं चाललंय. तिथं आत्ता जाऊ नका, फक्त नजर भिडली तर हात जोडा. खिडकीतल्या सातजणांत मात्र एका बाजूला फट आहे, दोघांची पावलं बाहेर वळलेली आहेत. त्या फटीत जाऊन उभे राहा, चाललेला किस्सा संपू द्या, हसा, आणि मग नाव सांगा. किस्सा अर्ध्यात तोडून "नमस्कार मंडळी" म्हणणारा माणूस त्या गोलाला नकोसा होतो.

पहिलं वाक्य

"ओळखलंस काय?" हे वाक्य आजच्यापुरतं टाकून द्या. त्याजागी तीन तुकड्यांचं एक वाक्य ठेवा: नाव, तुकडी, खूण. "मी अमुक. ब तुकडी. खिडकीकडचा तिसरा बाक, पाऊस आला की दप्तर भिजायचं तो." एवढं म्हणून दोन श्वास थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे. समोरच्याच्या डोक्यात जुना चेहरा वर यायला तेवढा वेळ लागतो, आणि घाईनं पुढची माहिती ओतली तर तो बुडून जातो. चेहऱ्यावर ओळख उमटताना दिसते: भुवया वर जातात, तोंड उघडतं, मग हसू येतं. नुसतं सभ्य हसू आलं आणि भुवया जागच्या हलल्या नाहीत, तर ओळख पटलेली नाही असं समजा आणि आणखी एक खूण द्या: पेठ, सायकल, सहल.

खूण निवडताना स्वतःची निवडा. "तू नापास झालेलास तो ना?" ही खूण नव्हे. जाड्या, काळ्या, बोबड्या असली टोपणनावं त्या माणसानं स्वतः घेतल्याशिवाय घेऊ नका, आणि त्याची मुलं बरोबर असतील तर तेव्हाही नको. "किती सुटलास!" आणि "केस कुठं गेले?" हेही तसंच. ते त्याला आरशात रोज दिसतं.

समोरचाच परीक्षा घ्यायला लागला, "सांग बघू मी कोण!" म्हणाला, तर अंदाजानं नाव ठोकू नका. चुकीचं नाव घेतलं की तो दोनदा दुखावतो: आपण आठवलो नाही, आणि दुसराच कुणी आठवला. त्यापेक्षा जेवढं खरं आहे तेवढं म्हणा: "चेहरा लागला रे, नाव ओठावर यायला लागलंय. सांगून टाक मर्दा." तुकडीचा अंदाज करायला हरकत नाही. "क तुकडीतला ना?" चुकलं तरी कुणाला लागत नाही, आणि उत्तरात बहुतेक वेळा नावही येतं.

दुसरा एक पेच नेहमीचा. तुम्ही एकाशी बोलत असता आणि तिसरा येऊन खांद्यावर हात टाकतो, ज्याचं नाव तुम्हाला येत नाही, आणि ओळख करून देणं भाग असतं. ज्याचं नाव येतं त्याचंच आधी सांगा: "हा आपल्या ब तुकडीतला अमुक, आता इचलकरंजीला असतो." आणि गप्प राहा. तिसरा माणूस हात पुढं करून आपलं नाव सांगतोच.

तू की तुम्ही

वर्गातल्या मुलामुलांत आणि मुलीमुलींत प्रश्न नाही, सरळ "तू". अडचण येते ती त्या काळी एकमेकांशी कधी बोलणंच न झालेल्या मुलामुलींत. एकदम "तू" म्हटलं तर आगाऊ वाटतं, "तुम्ही" म्हटलं तर बँकेत आल्यासारखं. यातून मराठीच वाट काढून देते. पहिली चार वाक्यं अशी बोला की त्यात तू किंवा तुम्ही येतच नाही: "कधी येणं झालं?" "सध्या मुक्काम कुठं?" "बाकी मैत्रिणी भेटल्या का?" तेवढ्यात समोरून जे येईल ते धरा. तिनं "तू कुठं असतोस?" म्हटलं की तुम्हीही "तू" वर या. "तुम्ही" आलं तर दिवसभर "तुम्ही" ठेवा, त्यानं आपुलकी कमी होत नाही.

मित्राच्या पत्नीला वहिनी, मैत्रिणीच्या नवऱ्याला दाजी, आणि दोघांनाही तुम्हीच. शिक्षिकांना त्या वेळी ज्या नावानं हाक मारत होता त्याच नावानं, बाई म्हणत असाल तर बाई. मॅडम ऐकून त्यांना परकं वाटतं.

विचारपूस करताना घरच्यांचा प्रश्न तुम्ही होऊन काढू नका. "मिस्टर काय करतात?", "मुलं किती?", "आई कशी आहे?" हे तिन्ही प्रश्न साधे दिसतात, पण दीडशेजणांत कुणाच्या तरी जखमेवर बोट पडतंच. "सध्या कुठं असतेस, दिवस कसा जातो?" असा मोकळा प्रश्न विचारा, ज्याला जे सांगायचंय ते तो सांगतो. चुकून विचारलं गेलं आणि समोरचा चेहरा उतरला, तर विषय बदलायची घाई करू नका. "मला माहीत नव्हतं" एवढं म्हणून थांबा. बोलायचं असेल तर ती बोलेल.

नाव चुकलंच तर

माफी एकदाच मागा. "चुकलो, नाव परत सांग." ते सांगितलं की त्याच वाक्यात वापरा, आणि निरोप घेताना पुन्हा एकदा. पाच वेळा "अरे सॉरी सॉरी" केलं की समोरच्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

काहीजणांना जन्मापासूनच चेहरे ओळखता येत नाहीत, रोज भेटणारेसुद्धा. तुम्हाला असं होत असेल तर आदल्या दिवशी ग्रुपवर एक ओळ टाका: "मला चेहरे लवकर लागत नाहीत, भेटल्यावर नाव सांगा, राग मानू नका." लोक हे चांगलं मनावर घेतात आणि आपणहून नाव सांगत येतात.

दर तीन-चार भेटींनंतर पाणी प्यायच्या निमित्तानं बाजूला व्हा आणि वहीत चार शब्द लिहा: नाव, आत्ता कुठं, काय बोलणं झालं. दुपारनंतर सगळे चेहरे एकमेकांत मिसळायला लागतात, आणि "फोन करतो" म्हणून कुणाला सांगितलं तेही आठवत नाही. नंबर घेताना तिथल्या तिथं मिस कॉल द्या आणि पूर्ण ओळखीसह जतन करा: शाळेतलं नाव, ९८ ब, गाव. नुसतं "पाटील नवा" असं ठेवलेला नंबर महिन्याभरात निरुपयोगी होतो. त्याच रात्री, परतीच्या गाडीत बसल्यावर, यादीतल्या ज्यांची गाठ पडली नाही त्यांना ग्रुपवर नको, वेगळा निरोप पाठवा: "आज तू फोटोच्या वेळी मागं दिसलीस, पण भेट राहिली. मी ब तुकडीतला, खिडकीकडचा बाक."